चाळीस की साठ

त्या वर्षी मला इंजिनिअरिंग कॉलेजात लागून दुसरं वर्ष सुरू होतं. नेमणूक तात्पुरती होती, दर सत्राला नवी ऑर्डर निघायची. विद्युत विभागात शिकवणारी बाई मी एकटीच. कंट्रोल सिस्टीम हा विषय माझ्याकडे होता, म्हणून तोंडी परीक्षेला अंतर्गत परीक्षक म्हणूनही मीच बसले. बाहेरून परीक्षक म्हणून जे आले ते माझे स्वतःचे सर. त्यांच्याच हाताखाली मी हा विषय शिकले होते. आणि पुढच्या महिन्यात माझ्या कायम नेमणुकीची मुलाखत होती, त्या समितीवर तज्ज्ञ म्हणून सरांचंच नाव होतं.

मे महिना. औरंगाबादचं ऊन प्रयोगशाळेच्या पत्र्यावर तापत होतं. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि त्याची हवा फक्त सरांच्या खुर्चीपर्यंत पोचत होती. सर थकलेले दिसत होते. सलग दोन दिवस ते मुलांची तोंडी घेत होते. त्यांच्यासमोर प्रश्नांच्या कार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक कार्डाच्या मागं त्यांच्या बारीक अक्षरात उत्तर.

जेवणानंतर त्यांनी एक प्रश्न फळ्यावरच लिहून ठेवला. वर हजार आणि कंसात एस अधिक दहा, खाली दोन कंस, एस अधिक एक आणि एस अधिक शंभर. वरचा कंस म्हणजे एक झिरो, खालचे दोन म्हणजे पोल. याचा बोडे आलेख, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढेल तसा गेन, आउटपुट किती पट होतं ते, कसा बदलतो याचा आलेख, सरळ रेषांनी काढा, फक्त मॅग्निट्यूडचा. विद्यार्थ्यानं आडव्या बाजूला दहापटीची घरं असलेला सेमिलॉग कागद घ्यायचा, आडवी फ्रिक्वेन्सी, उभे डेसिबल, आणि कोपरे, म्हणजे रेषा वळते त्या जागा, कुठं येतात ते दाखवायचं.

पहिल्या तिघांनी काढलं. तिघांचाही आकार एकच. सुरुवातीला साठ डेसिबलवर सपाट रेषा. एकवर पोल आला की रेषा दर दहापटीला वीस डेसिबलनं उतरायला लागते. दहावर झिरो आला की ती उतरण थांबते आणि रेषा पुन्हा सपाट. शंभरवर दुसरा पोल, की परत उतरण. सरांनी कार्ड उलटून बघितलं, मान हलवली, मार्क मांडले. मी हजेरीपत्रकावर सह्या घेत होते, जर्नल तपासत होते. तिन्ही कागद माझ्या डोळ्यांखालून गेले आणि मला काही खटकलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं त्यात मी फार शहाणी होते असं कुणाला वाटू नये.

चौथा फुलंब्रीचा होता. रोज एसटीनं ये-जा करायचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, बोलायचा कमी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली होती, पण निकाल लागून तो पास असला पाहिजे या अटीवर. त्यानं कागद घेतला, पेन्सिलीनं काहीतरी कोपऱ्यात लिहिलं, आणि रेषा चाळीस डेसिबलपासून सुरू केली.

सरांनी कार्ड बघितलं. "कुठून सुरू केलंस?"

"चाळीसपासून, सर."

"गेन किती आहे फळ्यावर?"

"हजार."

"हजाराचे डेसिबल किती?"

"साठ, सर. पण इथं चाळीसच येतंय."

सरांनी चष्मा काढला. "हजाराचे साठ, हे तुला माहीत आहे. तरी चाळीस काढतोस?"

"व्हय सर. कंसातून दहा बाहेर काढला ना, अन् खालून..."

"व्हय काय व्हय! परीक्षेत बसलास की शेतात?"

त्याचा चेहरा उतरला. खाली बघत तो एवढंच म्हणाला, "चाळीसच येतंय, सर."

"तुझ्या आधीच्या तिघांनी साठ काढलं. ते तिघं चुकले आणि तू एकटा बरोबर?"

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी त्याची शिक्षिका. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असणार. माझ्यासमोर जर्नल उघडं होतं. मी पान उलटलं.

"जा," सर म्हणाले. "पुढचा पाठव." त्याच्या नावापुढं त्यांनी पन्नासपैकी सोळा लिहिले. पास व्हायला वीस लागायचे.

तो गेला. त्याचा कागद टेबलावर राहिला, माझ्याच बाजूला. कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं त्यानं लिहिलं होतं, हजार गुणिले दहा, भागिले शंभर. उत्तर शंभर.

मी ते वाचलं आणि फळ्याकडं बघितलं.

एसच्या जागी शून्य घातलं की वर राहतात हजार गुणिले दहा. खाली एक गुणिले शंभर. म्हणजे शंभर. शंभरपट म्हणजे चाळीस डेसिबल. साठ नव्हेच. कंस तसे लिहिलेले असताना बाहेरचा हजार म्हणजे सुरुवातीचा गेन नसतो, हे मी स्वतः वर्गात दोनदा सांगितलं होतं. पोरगं बरोबर होतं. मी पुन्हा हिशेब केला, जर्नलच्या मागच्या पानावर. पुन्हा शंभर. तिसऱ्यांदा केला, कारण सर चुकतील यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

पाचवा विद्यार्थी आत आला. त्याला सरांनी दुसरा प्रश्न विचारला. मग सहावी. मी ऐकत होते पण कानात काही शिरत नव्हतं. मुलाखतीचा विचार मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. तो आला, आणि बराच वेळ बसला. वाटलं, नंतर सरांना एकटं गाठून हळूच सांगू. मग वाटलं, नंतर म्हणजे कधी? गुणपत्रकावर दोघांच्या सह्या झाल्या की ते लिफाफ्यात बंद होऊन विद्यापीठात जाणार.

शेवटचा विद्यार्थी गेला. सरांनी बेरजा केल्या, सही केली, आणि पत्रक माझ्याकडं सरकवलं. "घे, सही कर. मला पाचच्या गाडीनं निघायचंय."

मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"सर, मला सही करता येणार नाही."

"म्हणजे?"

"तो फुलंब्रीचा मुलगा बरोबर होता. चाळीसच येतं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "तू मला बोडे शिकवणार?"

"नाही सर."

"पस्तीस वर्षं शिकवतोय मी हे."

"मला माहीत आहे, सर. मी तुमच्याकडंच शिकले." मी त्या मुलाचा कागद पुढं ओढला. "एस शून्य घालून बघा ना, सर. एकदाच."

त्यांनी घातलं नाही. हट्टानं कार्ड माझ्यासमोर धरलं. "हे बघ. साठ लिहिलंय. मीच लिहिलंय, पूर्ण हिशेब करून."

मी कार्डाकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कदाचित माझा धीर सुटला असता. मी त्या मुलाचा कागद आणि पहिल्या मुलाचा कागद शेजारी शेजारी ठेवले. "मग उजवीकडून बघा, सर. फ्रिक्वेन्सी खूप मोठी घ्या. एसपुढं ते दहा, एक, शंभर किती राहतात?"

"नगण्य."

"मग राहतं काय?"

सरांचं बोट फळ्याच्या दिशेनं उचललं गेलं आणि तिथंच थांबलं. "हजार भागिले एस," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशी.

"हजारवर किती?"

"एक. शून्य डेसिबल."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली. त्या मुलाच्या कागदावरची रेषा चाळीसपासून निघून दहाला वीसवर आली होती, शंभरपर्यंत वीसवरच राहिली होती, आणि तिथून उतरत बरोबर हजारवर शून्याला टेकली होती. दुसऱ्या कागदावरची रेषा हजारवर अजून वीस डेसिबलवर लोंबकळत होती. सरांनी दोन्हीकडं टिंब केलं. मग कार्ड सुलटं केलं आणि वाचलं.

कार्डावर प्रश्न वेगळ्या रूपात होता. तिथं कंसात एक अधिक शून्य पूर्णांक एक एस, अशा पद्धतीनं लिहिलेलं होतं. त्या रूपात सुरुवात साठवरच होते. फळ्यावर लिहिताना सरांनी कंस उलगडले, कोपरे तेच ठेवले, पण बाहेरचा हजार तसाच राहिला. कार्डावरचा आलेख कार्डापुरता बरोबर होता. फळ्यावरचा प्रश्न दुसराच झाला होता.

सरांनी कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं.

"मुलगा कुठं आहे?" सरांनी विचारलं.

शिपाई बघून आला. तो केव्हाच निघून गेला होता. मी म्हटलं, "सर, मार्क दुरुस्त करू, त्याला बोलवायची गरज नाही."

"आहे," सर म्हणाले. "मी त्याला शेतात बसलास का म्हणालो."

मी लुना काढली आणि मध्यवर्ती बसस्थानकावर गेले. फुलंब्रीची गाडी फलाटाला लागलेली होती, आणि तो दाराच्या पायरीवर पाय ठेवून उभा होता. मला बघताच घाबरला. "मॅडम, काय झालं? कागद तर मी ठेवला होता तिथंच."

"उतर. सरांनी बोलावलंय."

"परत?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, साठ लिहून देऊ का? लिहून देतो."

हे वाक्य मला फार लागलं. मी तिथंच, लोकांच्या धक्क्यात उभी राहून म्हटलं, "नाय लिहायचं. चाळीसच आहे."

आम्ही पोचलो तेव्हा सर खुर्चीत नव्हते, फळ्यापाशी उभे होते. त्यांनी गाडी सोडून दिली होती. त्या मुलाला बघून म्हणाले, "माझं चुकलं. तुझं उत्तर बरोबर होतं. आता मघाशी मी तोडलेलं वाक्य पूर्ण कर."

त्यानं आधी फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला. मग खडू घेऊन त्यानं फळ्यावर कंस मोडून दाखवले, दहा बाहेर, शंभर बाहेर. "हे येवढंच म्हणायचं होतं, सर."

"आणि एकवर खरा, वळणाचा आलेख कुठून जातो? तुझ्या कोपऱ्यातूनच?"

"नाय सर. तीन डेसिबल खालून. सदतीस."

सरांनी सोळावर रेघ मारून एकेचाळीस लिहिले, शेजारी आद्याक्षरांची सही केली आणि पत्रक माझ्यापुढं धरलं. पण काम संपलं नव्हतं. ते तिघं राहिले होते. सरांनी वसतिगृहावर निरोप धाडून त्यांना बोलावलं आणि प्रत्येकाला नव्यानं प्रश्न दिला. दोघं निभावले. तिसऱ्याचे मार्क कमी झाले, पास झाला, पण त्याचा पहिला वर्ग त्या गुणांनी गेला. पुढं वर्षभर तो मला कॉरिडॉरमध्ये बघून मान फिरवायचा. त्याला काय समजावणार? फळ्यावरची चूक आमची होती आणि किंमत त्यानंही मोजली.

सरांना मी स्टेशनवर सोडायला गेले नाही. त्यांनीच नको म्हटलं. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "तू दुपारीच बोलायला हवं होतंस."

ते खरं होतं. 

महिन्यानं मुलाखत झाली. सर आले नाहीत, तब्येत बरी नाही असं कळवलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या तज्ज्ञांनी मला दहा मिनिटांत बाहेर पाठवलं आणि त्या खेपेला माझी निवड झाली नाही. पुढल्या वर्षी झाली. सरांची तब्येत खरंच बिघडली होती की त्यांना माझ्यासमोर बसायचं नव्हतं, की माझ्या बाजूनं बोलावं लागेल म्हणून ते लांब राहिले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन-तीनदा भेट झाली तेव्हा आम्ही चहा घेतला आणि अभ्यासक्रमावर बोललो.