पुन्हा त्याच सिग्नलला

सिग्नलला थांबले असताना माझ्या गाडीवर मागून टेम्पो आदळला, त्याला चार महिने झाले. मान बरी झाली. पण मागच्या महिन्यात नणंदेच्या गाडीत शेजारी बसून जाताना त्या म्हणाल्या, "अगं, तुझा पाय बघ." माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मला नवल वाटलं. भीती पायातही राहते?

मग नणंदताईंनीच मला पुन्हा गाडी शिकवायला घेतली. आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग इंजिन चालू करून. मग आवारात फेऱ्या, मग सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर डेअरीपर्यंत. एक टप्पा अगदी कंटाळवाणा झाला की मगच पुढचा.

काल तोच सिग्नल आला. आरशात मागची बस मोठी होत गेली. माझा हात इंडिकेटरकडे गेला.

"डावीकडे वळू का?"

"आत्ता पळालीस तर उद्या आणखी अवघड जाईल. थांब, श्वास सावकाश सोड."

बस मागे थांबली. छातीतली धडधड वाढत गेली, जरा रेंगाळली आणि दिवा हिरवा होण्याआधीच आपोआप ओसरू लागली. इतके दिवस मी तिला ओसरायला वेळच दिला नव्हता.