तीन जाहिराती आणि मधली घोंगडी

घोंगड्यांचा ढीग आढ्याला टेकला होता. या हिवाळ्यात खपल्या नाहीत तर माग बंद, असं मुलाने सांगून टाकलं होतं. म्हणून सुनेने जालन्याच्या जाहिरातवाल्या पोरीला वाटूरला आमच्या घरी बोलावलं. फोनवर दिसणारी अर्ध्या मिनिटाची जाहिरात करायची होती. पोरीने लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला आणि तीन कल्पना सांगितल्या.

पहिलीत डोंगर, पहाट, मेंढरं, खांद्यावर घोंगडी. "दिसायला भारी, आजी. पण ड्रोन लागतो, दोन दिवस जातात. खर्चा सगळ्यात जास्त."

दुसरीत शहरातले नवरा-बायको एका घोंगडीसाठी ओढाताण करतात. सुरुवातच भांडणाने, म्हणजे बघणारा थांबतो. दोन नट, भाड्याचं घर, एक दिवस. खर्च मधला. हे तिने रंगवून रंगवून सांगितलं.

तिसरीत घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतायचं. भिजली का नाही, हे बघायला माणूस पुढचे चार क्षण थांबतोच. एक कॅमेरा, आमचंच अंगण, अर्धा दिवस. सगळ्यात स्वस्त. हे तिने भराभर उरकलं.

"आत्याबाई, दुसरीच घेऊ," सून म्हणाली. तिला नट बघायचे होते.

मी आष्टीच्या बाजारात उभं आयुष्य घोंगड्या विकल्या. गिऱ्हाईकापुढे मी तीनच टाकते. एक लई महाग, एक पातळ, आणि मध्ये जी खपवायची ती.

"पोरी, मधली तुला खपवायची हाय."

ती लाल झाली आणि मग खो खो हसत सुटली. "आजी, तुम्ही आमच्या ऑफिसात या कामाला! साहेब म्हणतात, गिऱ्हाईक मधल्यावर आणायचं. त्यात आम्हाला जास्त सुटतं."

"तुझ्या पदरचा पैसा असता तर?"

"तिसरी. बिलकुल तिसरी. उरलेल्या पैशात तीच जाहिरात जास्त लोकांच्या फोनवर दाखवता येते."

"मंग मघाशी का बोलली न्हाईस?"

"तुम्ही विचारलंच न्हाई की!"

मी तिला बजावलं, "वरून ओतलेलं पाणी निथळतं. पण बादलीत बुडवून ठेवली तर घोंगडी भिजती. जेवढं खरं तेवढंच दाखव."

"तेवढंच. नाहीतर माल परत येईल, आजी."

पुढच्या आठवड्यात अंगणात कॅमेरा आला. सुनेने नट हुकल्याचा राग तांब्यावर काढला. पाणी असं भिरकावलं की घोंगडीवर निम्मं आणि कॅमेरेवाल्यावर निम्मं. तो ओरडला, पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली, "हेच ठेवू!"

हेच ठेवलं. संक्रांतीच्या आत ढीग संपला. मुलगा मागावरून उठायला तयार नाही. सून एका हातात फोन धरून पत्ते लिहिते आणि लोकर कातत बसलेल्या मला म्हणते, "आत्याबाई, सूत कमी पडून राह्यलंय, जल्दी हात चालवा."