नोंदणी नसली तरी दर्शन मिळेल

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर तिनं पहिली गोष्ट मागितली ती देवीचं दर्शन. "इतके वर्सं नुसती लाल सावली पाह्यली म्या," ती म्हणाली. "आता तोंड पाह्यतो."

मी चिखलीला राहते, शाळेत शिकवते. आई मेहकरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात एकटी राहते. देवीचं संस्थान आमच्या जिल्ह्यातलंच, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर संस्थाननं ऑनलाइन नोंदणी सुरू केली होती. दर्शनाची वेळ आधी मोबाईलवर घ्यायची आणि फाटकावर पास दाखवायचा. मी दोघींसाठी प्रयत्न केला. पान उघडायचं, गोल फिरत राहायचं आणि शेवटी सगळ्या वेळा भरल्याचं सांगायचं.

मग आमच्या शिक्षकांच्या गटावर संस्थानची सूचना आली. तिच्यात खाली एक ओळ होती: पासष्ट वर्षांवरील भाविकांनी नोंदणी केलेली नसली तरी त्यांना दर्शन मिळेल, त्यांनी वयाचा पुरावा घेऊन मदत कक्षात यावे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. गटावर येणाऱ्या गोष्टींचा भरवसा काय? म्हणून संस्थानच्या कार्यालयात फोन लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. "हो ताई, खरी आहे सूचना. आजींना घेऊन या," असं म्हणून त्यानं फोन ठेवलाही. मागे गर्दीचा आवाज इतका होता, की पुढचं विचारायचं राहून गेलं.

आईला शुगर आहे आणि ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र ती डब्यात ठेवते, कारण त्यात वारं वाजतं म्हणे. मी पिशवीत तिचं आधार कार्ड, गोळ्या, पोळीभाजीचा डबा आणि शुगर उतरलीच तर म्हणून खडीसाखर घेतली. एसटीत ती खिडकीशी बसून बाहेरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. नव्या डोळ्यांचं कौतुक होतं. मला मात्र सारखं वाटत होतं, की फाटकावर कुणीतरी म्हणेल, अशी काही सूचना नाही.

फाटकावरच्या रखवालदारानं खरंच पास मागितला. मी मोबाईलवरची सूचना पुढे केली. त्यानं ती न वाचताच उजवीकडे हात केला. तिथं मांडव होता, वर 'ज्येष्ठ नागरिक मदत कक्ष' असा फलक, आणि खुर्च्यांवर बरीच म्हातारी माणसं. माझ्या छातीवरचा भार उतरला.

टेबलावरच्या सेवेकरी बाईंनी आईचं आधार कार्ड पाहिलं, जन्मसाल पाहिलं आणि लगेच पास लिहून दिला. "आजी, त्या रांगेत. आत बसायला बाकं हायेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा स्लॉट?"

"मी सोबत आहे यांच्या."

"सोबतचा माणूस व्हीलचेअर असली तरच सोडता येते, ताई. नाहीतर एकेका आजीसंग चार चार जण शिरतात. ज्यायनं वेळ घेतली त्यायची रांग मंग तशीच राह्यते."

त्यांचं बरोबर होतं. सूचनेत आईचा उल्लेख होता, माझा नव्हता. "मग व्हीलचेअर द्या," मी म्हणाले.

एक सेवेकरी खुर्ची ढकलत घेऊनही आला. आईनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय चाललंय ते मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"माह्ये पाय धड हायेत," ती म्हणाली. "मी खुर्चीत काऊन बसू? देवीपुढं खोटं लंगडत जाऊ का?"

"आई, आत तुला कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही."

"मले पाह्याले जायचं हाये. ऐकाले नाही."

मागचे लोक थांबले होते. मी तिच्या पदराच्या गाठीत खडीसाखर बांधली, आधार कार्ड तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, बाहेर आलीस की याच मांडवात ये. ती हो म्हणाली आणि रांगेत शिरली. तिचं हिरवं लुगडं इतर लुगड्यांमध्ये दिसेनासं झालं.

मी बाहेर चपलांच्या स्टँडपाशी उभी राहिले. तिच्या मागे गेलेले एक आजोबा बाहेर आले. त्यांच्यानंतर काठी टेकत दोन बाया आल्या. मी विचारलं, हिरव्या लुगड्यातली, चष्मा नसलेली बाई पाहिली का? एकीनं पाहिली होती, गाभाऱ्यापाशी. पुढचं तिला माहीत नव्हतं. आईची जेवायची वेळ उलटून चालली होती. डबा माझ्या हातात आणि ती आत. शुगर उतरली की तिला आधी घाम येतो आणि मग ती काय बोलते ते कळत नाही. आतल्या लोकांना वाटेल, म्हातारी गोंधळलीय, बाजूला करा.

मी परत टेबलाशी गेले. सेवेकरी बाईंनी माइकवाल्याला सांगितलं. भोंग्यातून आईचं नाव आणि गाव सांगितलं गेलं, आणि मी तिथंच उभी राहून विचार करत होते, की हे ऐकायला तिला ऐकू तर यायला हवं. मी तसं सांगितलं. त्या बाई टेबल दुसऱ्या सेवेकरी बाईंकडे सोपवून उठल्या. "चला माह्यासंग," त्या मला म्हणाल्या. "शोधाले जाऊन राह्यलो आमी, दर्शनाले नाही," असं त्यांनी दारावरच्या माणसाला सांगितलं.

आत रांग हलत होती. बाकांवर आई नव्हती. पाणपोईपाशी नव्हती. प्रसादाच्या हॉलमध्ये जाणाऱ्या दारातही नव्हती. तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं आणि गाभाऱ्याच्या बाजूच्या खांबाकडे बोट केलं.

आई तिथं एका लहान स्टुलावर बसली होती. तोंडात खडीसाखर होती, गाल फुगलेला. नजर समोर. शेजारचा सेवेकरी म्हणाला, "रांगेनं पुढं ढकललं तं आजी मले म्हणे, डोळे नवे हायेत, दोन मिनिटं पाहू दे. मी म्हटलं, बसा. उठतच नाही."

मी तिच्यासमोर वाकले. रागवायचं होतं, पण आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला; घाम नव्हता.

"डोळे उघडे हायेत तिचे," आई म्हणाली. "मी इतके दिवस मिटलेले समजत होती."

मी वळून पाहिलं. चांदीच्या मोठ्या डोळ्यांत काळी बुबुळं होती. लहानपणापासून मी ते पाहत आले होते आणि आईला ते दिसत नाहीत हे मला कधी सुचलंच नव्हतं.

प्रसादाच्या हॉलमध्ये तिनं डबाही खाल्ला आणि वरून भातही घेतला. परतताना मी त्या सेवेकरी बाईंना म्हटलं, सोबतच्या माणसाचं सूचनेत लिहा, म्हणजे लोक घरूनच ठरवून येतील. त्या म्हणाल्या, "कार्यालयात सांगते. आमाले बी दिवसभर तेच सांगा लागते."

पुढच्या नवरात्रातल्या सूचनेत तशी ओळ होती: ज्यांना ऐकण्याची वा दिसण्याची अडचण आहे, त्यांच्यासोबत एका व्यक्तीस प्रवेश मिळेल. मी फोनवरून ती आईला ओरडून वाचून दाखवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण तू बाहेरच थांबजो. तू आत आली की घाई करतं."