पांढऱ्यावरचं पिवळं

रंगारीकाकांच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून पिवळसर मांस पांढऱ्या भागावर सरकत होतं. भिंतीला फुगवटा दिसला की आधी खरवडायचा, हा काकांचा आयुष्यभराचा खाक्या. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसताच ते म्हणाले, "बाई, खरवडून टाका."

बाईंनी दिव्याखाली नीट पाहिलं. "काही गरज नाही. उन्हाधुळीनं वाढतं हे, आणि काढलं तरी पुन्हा येऊ शकतं. अजून पांढऱ्यावरच आहे. बुबुळावर चढून नजरेच्या आड यायला लागलं, तर काढू. तोवर लक्ष ठेवा आणि उन्हात काळा चष्मा लावा."

काकांनी चष्मा इतका मनावर घेतला की घरातही उतरवेनात. पुढे बाईंच्याच दवाखान्याची भिंत पांढरी रंगवायला आले, तेही चष्म्यासकट. शेवटचा कोपरा त्यांनी भलत्याच डब्यातल्या रंगानं उरकला.

"काका, कोपऱ्यातून हे पिवळं काय आलंय?" बाईंनी कपाळाला हात लावला.

काकांनी चष्मा वर केला, दिवा लावला आणि नीट पाहिलं.

"काढायची काही गरज नाही, बाई. अजून पांढऱ्यावरच आहे. खिडकीवर चढलं, तर बघू."