पहिल्या कलमाचा मान

मी तहसील कचेरीत कारकून होतो. आमच्या भागातल्या एका गावच्या पाटलानं बैलगाडी उलटल्याचा अहवाल आणला, तो वाचून मी कावलोच. पानंच्या पानं बैलांचं खानदान आणि पाटलाचं जेवण. गाडीवानाचा पाय मोडला, हे शेवटच्या ओळीत! सगळं खोडून मी क्रमवार चार कलमं केली: कुठं-कधी, काय घडलं, कुणाला लागलं, कशामुळं.

पाटील उसळला. "गावात पयला मान आमचा, अन् पयल्या कलमात आमी न्हाई? शिक्का देत न्हाई!"

त्याच्याबद्दल मसुद्यात कामाचं एकच वाक्य होतं. ते पहिलं कलम केलं: 'गाडी उलटली तो ओढ्याचा रस्ता खचल्याचं पाटलांना आधीच ठाऊक होतं.'

पाटलानं खुशीत शिक्का मारला. दोषी कोण हे कळायला तहसीलदारांना दुसरं कलम वाचावंच लागलं नाही.