दाणे न धरणारी काच

नेल्बा ओलासो आमच्या नाटकमंडळीची प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या काठाशी एक खळगा असायचा, त्यात ती वही घेऊन बसायची आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या नायकांना वाक्यं पुरवायची. मी खंजीर उपसून प्रियेच्या पायाशी कोसळत असायचो, आणि खालून आवाज यायचा, "मरतो मी, पण तुझं नाव ओठांवर घेऊन." बाजारातून कांदे आण म्हटल्यासारखा. तिच्या आवाजात कधी चढउतार नव्हता. तो चढउतार आमचं काम, असं ती म्हणायची.

दिवसा ती प्रयोगशाळेत असायची. साल्तो शहरातल्या, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका दवाखान्याची प्रयोगशाळा, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. रक्त, लघवी, घशात फिरवलेला कापूस, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. मंडळी मोडली, नाटकं गेली, खळगा फळ्यांनी झाकला गेला. नेल्बाचं टेबल मात्र राहिलं. लग्न तिनं केलं नाही. माझी बायको गेल्यावर रोज संध्याकाळी ती माझ्या अंगणात येऊन बसू लागली. थर्मासमधलं गरम पाणी ओतून केलेल्या 'माते' या कडू पानांच्या चहाचा एकच पेला एकमेकांना देत आम्ही बसायचो. बोलणं फार नसायचं.

त्या वसंतात पहिल्यांदा मला दिसलं की थर्मासचं झाकण ती मला उघडायला देते.

"हात मोडलाय का गं?"

"सकाळी बोटं मिटत नाहीत. दुपारपर्यंत सुटतात."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"मग डॉक्टरकडे जा ना!"

"जायचं कशाला? तपासलंय मी. काही नाही."

तिनं स्वतःचं रक्त स्वतःच काढलं होतं. डाव्या दंडाला पट्टी बांधून, एक टोक दातात धरून. प्रयोगशाळेतले लोक हे करतातच. स्वयंपाकीण जशी चव घेते, तसं आपलं रक्त आधी आपणच बघायचं. डॉक्टरकडे नंतर, काही सापडलं तर.

तिनं मला ते एकदा दाखवलंही. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. शेजारी दुधासारखा एक थेंब. त्या दुधात बारीक कण तरंगत असतात आणि प्रत्येक कणावर माणसाची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, चिकटवलेली असतात. ज्याच्या रक्तात संधिवात घटक आहे, म्हणजे स्वतःच्याच प्रतिपिंडांना धरणारी प्रतिपिंडं, त्याच्या थेंबात ते कण एकमेकांना धरतात आणि दूध फाटतं. काडीनं दोन्ही थेंब एकत्र करायचे, काच दोन मिनिटं हलवायची, दिव्याखाली बघायची. दाणे दिसले तर आहे. दूध गुळगुळीत राहिलं तर नाही. त्यानंतर बघायचं नाही, कारण थेंब कडेनं वाळायला लागतो आणि वाळताना खोटे दाणे धरतो.

तिची काच गुळगुळीत होती.

घटक खूप जास्त असला तरी कधीकधी दाणे धरत नाहीत, म्हणून तिनं रक्त पातळ करून पुन्हा पाहिलं. गुळगुळीत. मग यंत्रावर घातलं. ते यंत्र द्रव किती गढूळ झाला ते उजेड आरपार सोडून मोजतं. आकडा खालचा. मग अँटी-सीसीपी, संधिवाताचीच दुसरी चाचणी. त्याची प्लास्टिकची थाळी असते, खळग्याखळग्यांची. नमुने साठले की तिची पाळी येते. प्रत्येक खळग्याच्या तळाला मुद्दाम बनवलेला, थोडा बदललेला प्रथिनाचा तुकडा चिकटलेला असतो. त्याला धरणारी प्रतिपिंडं रक्तात असतील तर ती तिथं अडकतात, बाकीचं धुऊन जातं, आणि शेवटी घातलेला रंग तेवढाच गडद होतो. तिचा खळगा जवळजवळ पाण्यासारखा राहिला.

"म्हणजे नाही," ती म्हणाली, प्रॉम्प्टरच्या त्याच सपाट आवाजात. "वय झालं. पिपेट दाबून दाबून झालंय."

आणि तिनं ते मिटवून टाकलं. आयुष्यभर तिनं लोकांच्या कागदावर आहे किंवा नाही एवढंच लिहिलं होतं. तिच्या कागदावर नाही होतं.

ज्या दिवशी तिनं काच पाहिली, त्या दिवशी तुलनेला म्हणून माझंही रक्त घातलं होतं. ठणठणीत माणसाचं हवं होतं तिला. मी सत्तरी केव्हाच ओलांडलेली, तरी रोज बंदरापर्यंत चालत जातो, बुटांच्या नाड्या स्वतः बांधतो. माझ्या थेंबात दाणे आले. फार नाहीत, पण आले. यंत्रावरचा आकडाही हद्दीच्या थोडा वर.

हे तिनं मला बरेच आठवडे सांगितलं नाही. दर रविवारी मला गरम झऱ्यांवर घेऊन जाऊ लागली. मला वाटायचं, तिला बोटं शेकायची आहेत. ती कुंडात गळ्यापर्यंत बसून राहायची, हात पाण्याखाली, आणि माझ्या हातांकडे बघत.

"काय बघतेस? म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलीस की काय?"

"गप रे नाटक्या. मूठ मिट."

मी मिटली.

"उघड. दुखलं?"

"तुझ्या नजरेनं दुखलं थोडं."

ती हसली नाही. घरी परतताना किल्ली तिच्या हातून दोनदा पडली. दुसऱ्यांदा तिनं ती उचलली नाही, तशीच उभी राहिली. मी दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर दुखणंही नव्हतं, चिडणंही नव्हतं. प्रयोग संपून दिवे मालवल्यावर नाट्यगृह जसं असतं, तसं काहीतरी होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला तिनं सांगितलं. माझे दाणे.

"एबेर, तुला डॉक्टर बिदेगाइनना दाखवायचंय. पुढच्या शुक्रवारी येतायत."

डॉक्टर इरेने बिदेगाइन सांध्यांच्या. मोन्तेविदेओहून महिन्यातून एकदा येत, आणि तेव्हा दवाखान्याचा व्हरांडा काठ्या नि कुबड्यांनी भरून जाई. मी जायला नकार दिला. नेल्बानं माझा कोट आणला, बटणं मात्र मला लावायला लावली. तिला ती जमत नव्हती.

डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून दाबली. मनगटं, कोपर, गुडघे, पायांची बोटं. सकाळी किती वेळ आखडता? आखडत नाही. ताप? वजन? काही नाही. नेल्बानं आणलेले जास्तीचे कागद त्यांनी वाचले. काविळीचे विषाणू नाहीत, सूज नाही, अँटी-सीसीपी नाही.

"एबेरराव, तुम्हाला संधिवात नाही."

"पण दाणे?" नेल्बा मागून म्हणाली.

"नेल्बाबाई, तुम्हाला मी काय सांगायचं? हा घटक म्हाताऱ्या निरोगी माणसांतही सापडतो. काविळीत सापडतो, जुन्या संसर्गात सापडतो. यांना घरी जाऊन जेवू दे."

"अँटी-सीसीपी आलं असतं तर?"

"तर मी जास्त बारकाईनं पाहिलं असतं. ते सहसा चुकून येत नाही. पण क्षयाच्या रोग्यांत आलेलं पाहिलंय मी, आणि काहींच्या रक्तात ते सांधे सुजण्याआधी कित्येक वर्षं असतं. नुसत्या त्यावरही मी कुणाला रोगी म्हणत नाही."

मी उठलो. नेल्बा कागद गोळा करू लागली. दोन तळहातांमध्ये धरून, जशी मांजर पंजांनी धरते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ते कागद राहू देत. हात दाखवा."

"माझं तपासून झालंय, डॉक्टर. दोन्ही नाही."

"मी रक्त विचारलं नाही. हात विचारले."

नेल्बानं हात टेबलावर ठेवले. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांच्या मुळाशी सांधे भिजलेल्या चण्यासारखे फुगलेले. दोन्ही मनगटं सुजलेली. डॉक्टरांनी दाबलं, नेल्बानं खालचा ओठ आत घेतला. मग पायांची बोटं, मग खांदे. डॉक्टर मोजत गेल्या आणि मोजणी बरीच लांबली.

"किती महिने?"

"वसंतापासून. आधीपासून थोडं."

"आता पानगळ लागलीय, नेल्बाबाई."

"काच गुळगुळीत होती," नेल्बा म्हणाली. पुन्हा तोच सपाट आवाज. "पातळ करूनही पाहिलं. यंत्रावरही. थाळीतही."

"तुम्ही बरोबरच वाचलंत. चूक तिथं नाही. ज्यांना हा रोग आहे त्यांतल्या कितीतरी जणांत दोन्ही सापडत नाहीत. सांधे सुजलेत, लहान सांधे, दोन्ही बाजूंचे, महिनोन् महिने. आता रक्तातली सूज बघू, विषाणू नाहीत याची खात्री करू, हातांचा एक्स-रे फोटो काढू. सगळं एकत्र ठेवून मग ठरवायचं. काच त्यातली एक गोष्ट."

फोटो त्याच दुपारी झाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. बोटांच्या मुळाशी हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. सुजेचा आकडाही बराच वर आला. बाकीची कारणं शोधली, ती निघाली नाहीत. संधिवातच, रक्तात खूण न ठेवणारा. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

मला वाटलं, आता ती रडेल. मी तयारीही केली होती, खिशात रुमाल घडी करून ठेवला होता. रंगमंचावर अशा जागी बाई खुर्चीला धरते, दोन पावलं मागे जाते. नेल्बानं विचारलं, "गोळ्या कुठल्या वारी घ्यायच्या?"

"आठवड्यातून एकदाच. रोज नाही, हे ध्यानात ठेवा. मध्ये फोलिक ॲसिड. दारू बंद. यकृत आणि रक्त तपासत राहायचं."

"ते मी बघीन."

"तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं कुणीतरी काढू दे तुमचं रक्त. आणि मी येईन तेव्हा प्रत्येक वेळी समोर बसायचं, कागद काहीही म्हणो."

व्हरांड्यातून आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर संत्र्यांचे ट्रक उभे होते. तिनं विचारलं, "आधी आले असते तर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. जन्मभर तेच केलं. पण प्रश्न तिनं मला विचारलाय असं वाटलं नाही. मी तिचा कोट खांद्यावर नीट केला.

गोळ्यांनी सूज उतरायला हिवाळा गेला. मनगट वळू लागलं. सकाळचं आखडणं अर्ध्या तासावर आलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र बाहेरच्या बाजूला झुकली ती झुकलीच. पिपेट तिला धरता येईना, म्हणून दवाखान्यानं तिला खिडकीवर बसवलं, नमुने घ्यायला. तिथं ती अजून आहे. परवा एक बाई तिच्याशी भांडत होती. संत्र्याच्या बागेत काम करणारी, बोटांना चिकटपट्ट्या लावलेली.

"कागदावर 'नाही' लिहिलंय! मग मला दुखतं कशाला? वेडी आहे का मी?"

"वेड्या नाही तुम्ही," नेल्बा म्हणाली. "शुक्रवारी डॉक्टर येतात. या."

"पण कागदावर..."

"कागद राहू दे घरी. हात घेऊन या."

बाई कुरकुरत गेली. नेल्बानं पुढच्या माणसाची बाटली घेतली, तीन बोटांत धरून, आणि त्याचं नाव विचारलं.