आमी म्हणजे कोण

बीडच्या बसस्टँडजवळच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी माझा मसुदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "किती जण चाललेत परदेशी?"

"मी एकटाच, मॅडम."

"मग हे 'वी' कोण? वी लर्न्ड, वी प्रॅक्टिस्ड. पलटण घेऊन चाललास का?"

"आमी म्हणजे मीच की."

त्या खळखळून हसल्या. आमच्याकडं माणूस स्वतःलाही 'आमी' म्हणतो, आणि मी तेच इंग्रजीत उतरवलं होतं. 

मला सायबर सुरक्षेत मास्टर्स करायचं होतं. पदवी मात्र फिजिक्सची, गुण बेताचे. कॉम्प्युटर मी जुळवलेल्या मशीनवर आणि नेटकॅफेत बसून शिकलो होतो. त्यामुळं अर्जासोबतचं ते दोन पानी निवेदन हाच माझा एकमेव आधार. ते पडलं असतं तर घरचं किराणा दुकान होतंच, आणि तिथून मी पुन्हा उठलो नसतो.

घरी जाऊन मी एका फटक्यात सगळे 'वी' काढले आणि 'आय' घातले. त्यासाठी वर्डमध्ये सोय असतेच. हुशारीनं मसुदा परत नेला. मॅडम हॅकिंगच्या ऑनलाइन स्पर्धेच्या परिच्छेदावर थांबल्या.

"स्पर्धेला एकटा बसला होतास?"

"न्हाई. दोस्त होता संगं."

"मग हे सगळे प्रश्न तूच सोडवले?"

त्या स्पर्धेत आयोजक मुद्दाम कच्चे ठेवलेले सर्व्हर आणि फायली देतात. आत एक खुणेची ओळ लपवलेली असते, ती शोधून पाठवली की गुण. आत शिरायची परवानगी त्यांचीच असते. लॉगिनच्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकून मागचा डेटाबेस बोलता करणं माझं होतं. फोटोच्या फायलीच्या शेपटीला चिकटवलेली छुपी झिप फाइल शोधणंही माझं. पण सगळ्यांत अवघड, गुप्तलिपीचा प्रश्न माझ्या दोस्तानं सोडवला होता. माझ्या एका क्लिकनं तो माझा झाला होता. खरं सांगायचं तर वाचताना मला ते दिसलं होतं. मी पुढं वाचत गेलो होतो.

मॅडम रागावल्या नाहीत. पेन्सिल माझ्या हातात दिली. "प्रत्येक वाक्यापुढं लिही, हे कोण तपासू शकतं आणि कुठं."

स्पर्धेच्या निकालाचं पान वेबसाइटवर होतं, तिथं संघाचं नाव आणि क्रमांक दिसे. माझ्या दोन प्रश्नांची उकल मी ब्लॉगवर लिहिली होती. ती वाक्यं टिकली. मग आलं, 'एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट सुरक्षित केली.' झालं होतं एवढंच: दुसऱ्या एका क्लासच्या साइटवर निकालाच्या पानाच्या वेब-पत्त्यात मी रोल नंबर बदलला, दुसऱ्याच मुलीचे गुण दिसले, मी पान बंद केलं आणि मालकांना सांगितलं. त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं.

"तपासायला त्यांनी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मग त्यात मिरवायचं काय? आणि खरं कशावरून?"

मी मालकांकडं दोन ओळी मागायला गेलो. ते म्हणाले, "आमच्या साइटला भोक होतं असं आमीच लिहून देऊ? येडा झालास का?" ते वाक्य गेलं. निवेदन दीड पानावर आलं.

दोस्ताचं वडवणीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्याला सगळं सांगितलं, 'आमी'चा किस्सासुद्धा.

"लिही की बे तूच सोडवलं म्हणून," तो सोल्डर करता करता म्हणाला. "मला कुठं जायचंय? काहून जीवाला लावून घ्यायलास?"

"मला त्यातलं कळलंच नव्हतं."

मग त्यानं हातातलं काम ठेवून मला ते समजावलं. एकाच किल्लीनं दोन निरोप झाकले असले, की दोन्ही एकमेकांशी जुळवल्यावर किल्ली आपोआप कटते. उरतात एकमेकांत मिसळलेले दोन निरोप. मग एकात कुठला शब्द असेल याचा अंदाज करत दुसरा उघडत जायचा. मी लिहिलं: हा प्रश्न माझ्या सहकाऱ्यानं सोडवला, मी तो नंतर त्याच्याकडून शिकलो.

मॅडमनी तेवढ्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता माणूस दिसायला लागला."

अर्ज गेला. फोनवरच्या मुलाखतीत तिकडच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी नेमकं तेच विचारलं: जे सोडवलं नाही ते समजावून सांग. मी दोस्ताच्याच क्रमानं सांगितलं. माझ्या अवतरणचिन्हाच्या युक्तीबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आधी मॅडमना दाखवलं, मग वडवणीला फोन लावला. "आमी पास झालो!" मी ओरडलो.

मागं मोबाइलच्या रिंगटोन वाजत होत्या.

"आमी म्हणजे कोण बे?" तो हसत म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, म्हणून उत्तराची वाट न पाहता त्यानं फोन ठेवला.